डोळे चोळते, पण झोपायला नेलं की किंचाळते

डॉक्टरताई, माझी मुलगी पावणेआठ महिन्यांची आहे. गेले तीन-साडेतीन आठवडे रात्रीचं झोपवणं म्हणजे रोजची लढाई झालीय. आठ-सव्वाआठला ती डोळे चोळते, कान ओढते, जांभया देते. म्हणून मी लगेच झोळीत घालते, तर पाठीची कमान करून अशी किंचाळते की शेजारच्या काकू दार वाजवून विचारतात. खांद्यावर घेतलं तरी मागे झोकून देते. हे पावणेनऊला घरी येतात, त्यांना बघून खुदकन हसते आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. झोप लागेपर्यंत साडेदहा होतात. सकाळी साडेआठशिवाय उठत नाही. दिवसा मात्र त्याच झोळीत अकराला, अडीचला आणि साडेसहाला गुमान झोपते (शेवटची झोप सव्वासातपर्यंत). दूध, खाणं नीट आहे, वजन वाढतंय. परवाच डॉक्टरांनी कान, घसा, पोट तपासलं, सगळं ठीक म्हणाले. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय आणि मधात जायफळ उगाळून चाटव. फोनमधलं अ‍ॅप म्हणतं तिला सातला झोपवा. एवढी दमलेली असून ही झोपेशी भांडते का?
— एक आई, ठाणे

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही कंसात टाकलीत. शेवटची झोप सव्वासातला संपते. म्हणजे तुम्ही तिला झोळीत घालता तेव्हा तिला उठून जेमतेम तास झालेला असतो. या वयाचं मूल दोन झोपांच्या मध्ये साधारण अडीच ते साडेतीन तास जागं राहतं, आणि रात्रीच्या झोपेआधीचा पल्ला बहुतेक मुलांमध्ये दिवसभरातला सर्वांत लांब असतो. सव्वासातला पोटभर जेवून उठलेल्या माणसाला सव्वाआठला पुन्हा पानावर बसवून घास भरवायला घेतला, तर तोही मान फिरवेल.

मग ती डोळे का चोळते, असं तुम्ही विचाराल. ती दमलेली आहे हे खरंच आहे. पण संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास आपल्या घरांत काय चालतं ते आठवा. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, टीव्हीवर मालिका, कुकरच्या शिट्ट्या, दिवसभराची माणसं, आणि या कडेवरून त्या कडेवर होणारी बदली. या सगळ्याने मूल कंटाळतं, भंडावतं. भंडावलेलं मूलही डोळे चोळतं, कान ओढतं, जांभई देतं. फरक कुठे दिसतो? खरी झोप आलेल्या मुलाच्या हालचाली मंदावतात, भुवयांभोवतीची कातडी लालसर होते, नजर एका जागी लागते, समोरचं खेळणं उचलायचा उत्साह राहत नाही, आणि बाबा आले तरी ते नुसतं बघतं. तुमची लेक खुदकन हसते. मला ती ओळ वाचल्यावर फारशी शंका उरली नाही.

आता थोडं आतलं कारण सांगते, कारण ते कळलं की पुढची वेळापत्रकाची कटकट तुम्हाला मनापासून करता येईल. झोप लागायला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. जितका वेळ जागं, तितका तो चढतो, आणि अर्ध्या तासाच्या डुलकीनेही बराच उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. हे घड्याळ साधारण तिसऱ्या महिन्यापासून बाळात नीट चालू लागतं, आणि त्याची एक गंमत अशी की रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनेक तास ते माणसाला मुद्दाम जागं ठेवतं. दिवसभराचा साठलेला दाब संध्याकाळीच आपल्याला आडवं करू नये, म्हणून केलेली ही सोय असावी. पेरेट्झ लावी या इस्रायली अभ्यासकाने 1986 साली मोठ्या माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने लोकांना दर 20 मिनिटांत 7 मिनिटं झोपायची संधी दिली, अशी तास न् तास. संध्याकाळचे काही तास असे निघाले की त्यात झोप जवळजवळ लागेचना, आणि मग थोड्याच वेळात जणू दार उघडल्यासारखी सगळ्यांना लागायची. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक असतं. नंतर अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या लाळेत ते मोजून पाहिलं, तेव्हाही हेच दिसलं. घड्याळाने झोपेची वर्दी देण्याआधीच अंथरुणात घातलेली मुलं जास्त वेळ जागी राहतात आणि जास्त कटकट करतात.

तुमच्या मुलीचं घड्याळ सध्या साडेदहाला लागलेलं आहे. सकाळी साडेआठला उठणं हा त्याचाच दुसरा टोकाचा पुरावा. त्यामुळे आठ ते दहा हा तिच्यासाठी झोप न लागण्याचाच काळ आहे, त्यात डुलकी नुकतीच झालेली, आणि आपण तिला त्याच दोन तासांत अंधारात झोळीत दाबून ठेवतो. ती किंचाळणार नाही तर काय करेल? तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट झाली असणार. रात्री झोळीचा दोर हलला की आता भांडण सुरू होणार, हे तिच्या अंगात बसलं आहे. झोळी दिसताच ती ताठ होत असेल तर कारण हे आहे.

अ‍ॅपचं सात वाजताचं टुमणं बंद करा. लहान मुलांच्या झोपेच्या वेळांची 17 देशांची तुलना 2010 साली प्रसिद्ध झाली होती. त्यात न्यूझीलंडमधली मुलं सरासरी साडेसातच्या आत झोपत होती आणि हाँगकाँगमधली सव्वादहाला. आशियात सगळीकडेच मुलं उशिरा झोपतात. ज्या घरात बाबा पावणेनऊला येतात तिथे सातला झोपलेलं मूल बाबांना फक्त रविवारी भेटेल. सव्वानऊची झोप तुमच्या घराला शोभेल आणि बाळालाही पुरेल, असं धरून मी पुढचं सांगते.

त्याआधी दुखण्याचा विषय मिटवू. कमान करून रडणाऱ्या बाळाला बघितलं की पहिला संशय पोटाचा येतो आणि तो रास्तच आहे. दूध उलटून घशाशी येत असेल तर मूल पाठ ताठ करतं. पण असं मूल दूध पिताना किंवा पिऊन झाल्यावर कमान करतं, स्तन तोंडात घेऊन सोडून देतं, आणि दिवसा आडवं केलं तरी तितकंच रडतं. कानात दुखत असेल तरी आडवं होताना ठणका वाढतो, तोही दिवसा-रात्री सारखाच. तुमची मुलगी त्याच झोळीत दिवसातून तीनदा आडवी होते आणि गुमान झोपते. पोट आणि कान घड्याळ बघून दुखत नाहीत. त्यातून डॉक्टरांनी तपासलेलं आहे. सर्दी-तापानंतर अचानक एखाद्या रात्रीपासून रडणं सुरू झालं, तर मात्र कान पुन्हा दाखवा.

कमानीचा आणखी एक प्रकार सगळ्याच वाचकांना माहीत हवा, म्हणून इथे सांगते. साधारण 3 ते 12 महिन्यांच्या बाळांना एक विशिष्ट झटक्यांचा आजार होतो. त्यात अंग एक-दोन सेकंद अचानक ताठ होतं किंवा मान-कंबर पुढे वाकते, हात बाजूला फेकले जातात, मग ढिलं पडतं, आणि काही सेकंदांनी पुन्हा तसंच. असे झटके ओळीने येतात, बहुतेक वेळा झोपेतून उठल्या उठल्या किंवा झोप लागताना. लोक पोटदुखी समजून ग्राइप वॉटर देत बसतात आणि मोलाचे आठवडे जातात. रागाने केलेली कमान उचलून घेतलं, बाल्कनीत नेलं, बाबा दिसले की मोडते. झटका कशानेही मोडत नाही, आणि तो ठरावीक तालात येतो. बाळ हसायचं कमी झालं, आधी जमणारं काही विसरलं, तर संशय वाढतो. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या मुलीच्या वर्णनात असं काही नाही.

आता कामाला लागू. आधी तीन दिवस काहीही न बदलता एका कागदावर फक्त लिहा. किती वाजता उठली, कुठली झोप कधी लागली आणि कधी मोडली. झोळीत घातलं ती वेळ नको, डोळे मिटले ती वेळ हवी. स्कूटरवर, रिक्षात, आजीच्या मांडीवर लागलेली पाच मिनिटांची पेंगही लिहा. आया या पेंगेला मोजत नाहीत, झोपेचा दाब मात्र मोजतो.

मग पहिला बदल सकाळचा. साडेसातला उठवायचं, रात्री कशीही गेली असो, रविवार असो. पडदा उघडा, तिला खिडकीशी किंवा बाल्कनीत घेऊन बसा. सकाळचा उजेड हा शरीराच्या घड्याळाची किल्ली आहे. संध्याकाळी काहीही केलं तरी सकाळ सुटी ठेवली तर घड्याळ हलणार नाही. झोपलेलं मूल उठवू नये असं घरातलं प्रत्येक जण तुम्हाला सांगेल. निदान पंधरा दिवस ऐकू नका. साडेसातला उठल्यावर दिवसाची पहिली झोप आपोआप दहा-सव्वादहाकडे आणि दुसरी दीडच्या आसपास सरकेल. मालिशवाली बाई नऊला येत असेल तर फारच छान, कारण मालिश आणि कोमट पाण्याच्या अंघोळीनंतरची झोप चांगली लागते. ती मुळात सकाळच्या झोपेसाठीच खर्ची पडते हे मात्र लक्षात ठेवा. रात्रीसाठी वेगळं कोमट पाण्याने अंग पुसणं किंवा छोटी अंघोळ ठेवता येईल.

दुसरा बदल संध्याकाळच्या डुलकीचा. ती एकदम बंद करू नका, अजून तिला ती लागते. पण अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका, आणि रात्री ज्या वेळी झोप लागावी असं तुम्ही ठरवलंय त्याच्या साडेतीन तास आधी ती संपलेली असू द्या. तिसरा बदल तुम्हाला विचित्र वाटेल. पहिले तीन दिवस तिला सव्वाआठला झोळीच्या जवळपासही नेऊ नका. रात्री सव्वादहाला झोपवायचं. आत्ता तिला खरंच ज्या वेळी झोप लागते, त्या वेळेला आपण आधी जाऊन भेटायचं, म्हणजे झोळीत घालणं आणि डोळे मिटणं यांत दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर राहील. तेवढं जमलं की दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं.

तुमच्या घरात हे असं दिसेल. पहिल्या तीन दिवसांत डुलकी सव्वासहा ते पावणेसात, आणि रात्री सव्वादहा. चौथ्या दिवसापासून डुलकी सहा ते साडेसहा, रात्री दहा. सातव्यापासून पावणेसहा ते सव्वासहा, रात्री पावणेदहा. असं करत दोनेक आठवड्यांत डुलकी पावणेसहाच्या आत संपते आणि रात्री सव्वानऊला दिवा बंद होतो. सकाळ सगळे दिवस साडेसातच. एखाद्या पायरीवर पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं रडारड सुरू झाली, तर पुढे जाऊ नका, त्याच वेळेवर आणखी तीन दिवस थांबा. पहिले काही दिवस तिची एकूण झोप थोडी कमी होईल, ती चिडचिडेल. तो साठलेला दाबच आपल्याला हवा आहे. शेवटी रात्रीचे सव्वादहा तास आणि दिवसाचे अडीच-पावणेतीन तास, म्हणजे एकूण 13 तासांच्या आसपास झोप व्हावी. 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत 12 ते 16 तास झोप पुरते, त्यात हे बसतं.

ही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने 6 ते 16 महिन्यांच्या मुलांवर अशीच वेळ उशिरा नेण्याची पद्धत तपासून 2016 साली निष्कर्ष छापले. मुलांना झोप लागायचा वेळ कमी झाला, आणि वर्षभराने पाहिलं तर आईशी असलेल्या ओढीत किंवा वागण्यात काही बिघाड नव्हता. अभ्यास लहान होता, पण माझ्या दवाखान्यातल्या आयांना ही पद्धत सगळ्यात जास्त झेपते, कारण यात मुलाला एकटं रडू द्यायचं नसतं.

खरी परीक्षा सुरुवातीच्या दिवसांत आठ ते साडेनऊ या वेळेत आहे. ती डोळे चोळेल आणि तुमचे हात शिवशिवतील. तेव्हा जागा बदला. तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाच मिनिटं बाल्कनीत जा, मग जमिनीवर सतरंजीवर सोडा आणि रांगू द्या. ट्यूबलाइट आठ वाजताच बंद करून पिवळा, मंद दिवा लावा. टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल तर दार लोटा, एकच खोली असेल तर आवाज कमी करून स्क्रीनकडे तिची पाठ करा. नाचणीचं सत्त्व, खिमट, मऊ भात, जे काही देता ते साडेसात-आठलाच द्या. दूध अगदी शेवटी, पण उजेडात आणि जागेपणी. सव्वाआठला अंगावर घेतलं आणि ती सात मिनिटं पेंगली, तर त्या रात्रीचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल.

बाबांना घरी आल्यावर वर उडवायची, गुदगुल्यांची हौस असते, आणि बाळ इतकं खिदळतं की आपल्याला थांबवणं जीवावर येतं. त्यांना दुसरं काम द्या. आल्यावर हात धुऊन तेलाचे दोन थेंब घेऊन तिचे तळपाय चोळायचे, कपडे बदलायचे आणि एकच पुस्तक किंवा एकच गाणं. रोज तेच, त्याच क्रमाने. माझा अनुभव असा की तीन आठवडे किंचाळणं ऐकून थकलेल्या आईपेक्षा बाबांच्या खांद्यावर मूल लवकर निवतं. आईचे खांदे तोवर ताठ झालेले असतात आणि बाळाला ते कळतं.

आणि तरीही एखाद्या रात्री तिने कमान केलीच तर? पंधरा मिनिटं द्या. किंचाळणं चढतंच चाललं असेल तर थांबा. तिला बाहेर काढा, मंद उजेडात वीस मिनिटं शांत बसा, पाणी पाजा, आणि मग पुन्हा न्या. दीड तास रेटून तिला झोपवलं तर आपण तिला भांडायचा सराव देतो. आपली दुसरी सवय म्हणजे रडणं वाढलं की झोका वाढवायचा. जोराच्या झोक्याने चिडलेलं मूल आणखी जागं होतं. झोका मंद हवा आणि आवाज एकसुरी. शिवाय या वयात मुलं पालथी पडायला, गुडघ्यावर उठायला, उभं राहायला शिकत असतात. तुमच्या लेकीची निम्मी कमान कदाचित मला सोडा, मला उलटं व्हायचंय एवढंच सांगणारी असेल. आडवं धरून ठेवण्यापेक्षा जमिनीवरच्या सपाट, घट्ट गादीवर ठेवून तुम्ही शेजारी आडव्या व्हा. चार पलट्या मारेल, तुमच्या नाकात बोट घालेल, आणि मग दमून पसरेल. झोपवताना उताणी ठेवा. नंतर स्वतःहून कुशीवर किंवा पालथी झाली तर हरकत नाही. उशी, लोड, जाड दुपटं आसपास नको, आणि आता तिला गुंडाळून बांधणंही नको.

झोळीबद्दल हेच निमित्त साधून बोलते. गुडघ्यावर उठणारं मूल झोळीतून बाहेर झुकतं आणि पडतं. हळूहळू गादीवर यायची ही वेळ आहे. दिवसाच्या झोपा राहू द्या झोळीत, पण कोणी तरी नजरेसमोर असताना, आणि हनुवटी छातीवर टेकत नाही ना हे बघून. रात्रीची सुरुवात गादीवर करा. भांडणाची जागा बदलल्याने भांडणही निम्मं होतं, हा त्यातला फायदा.

कधी तरी तुमचाच तोल जाईल. रात्री दहाला कानाशी किंचाळणारं बाळ धरून हातांना राग येतो, हे आया एकमेकींनाही सांगत नाहीत. हात घट्ट होताहेत असं वाटलं की बाळाला गादीवर उताणं ठेवा, आजूबाजूला काही नाही हे बघा, आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जा. रडून तिला काही होणार नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो, एकदाच हलवलं तरी होऊ शकतो.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. मीठ-मोहऱ्या जाळायच्या तर धूर खोलीबाहेर, एवढीच विनंती. मध आणि जायफळ यांना मात्र ठाम नाही म्हणा, आणि माझ्या नावावर म्हणा. वर्षाच्या आत मधाचं बोटही लावायचं नाही. मधात असणाऱ्या काही जंतूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होतं आणि अंग लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. जायफळाने गुंगी येते ती त्यातल्या द्रव्यांची बाधा होऊन. सहाणेवर किती वेढे घासले, त्यातून किती उतरलं याचं माप कोणाकडे नसतं, आणि सात-आठ किलोच्या जिवाला जास्त झालं की हृदयाचे ठोके वाढतात, मूल बेचैन होतं किंवा उठवता उठत नाही. त्याच कारणाने सर्दीचं झोप आणणारं सिरप त्या कामासाठी कधीच वापरायचं नाही. त्यातलं प्रोमेथझिन हे औषध तर 2 वर्षांखालच्या मुलांना वर्ज्यच आहे, त्याने श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत.

हे वाचणाऱ्या काही आयांचं चित्र उलटं असेल, म्हणून दोन ओळी. बाळाच्या दिवसाच्या झोपा पंचवीस-तीस मिनिटांच्याच होतात, शेवटची तीनलाच मोडली, आणि रात्री आठला ते किंचाळतंय, तर ते मूल खरंच अति दमलेलं आहे. ते रडता रडता पाच-दहा मिनिटांत धाडकन झोपतं आणि पाऊण तासाने पुन्हा रडत उठतं. त्याला उशिरा नेऊ नका. त्याला संध्याकाळी पाचच्या सुमारास कडेवर का होईना वीस मिनिटं झोपवा किंवा रात्र तासभर अलीकडे घ्या. कोणतं चित्र आपलं आहे ते शेवटच्या झोपेपासून किती वेळ झाला आणि किंचाळणं किती वेळ चाललं या दोन आकड्यांवरून कळतं.

ठाण्याच्या ताई, तीन आठवडे नेटाने करूनही काही हललं नाही, किंवा ती रात्रभर पाय झाडत, घोरत, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असते, आणि सहा महिन्यांनंतर नुसत्या अंगावरच्या दुधातून ते पुरत नाही. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारं आयर्न सिरप सुरू आहे का, तेही सांगा.

नवव्या महिन्याच्या आसपास संध्याकाळची डुलकी ती स्वतःच नाकारू लागेल. ज्या दिवशी ती झालीच नाही, त्या दिवशी रात्रीची झोप पाऊण तास अलीकडे घ्या; दुपारची झोप लांबत असेल तर लांबू द्या. त्याच सुमारास गोवर-रुबेलाची लस येईल. तिचा ताप आला तर बहुधा त्याच रात्री येत नाही, आठवडा ते दहा दिवसांनी येतो, आणि तोवर लस दिल्याचं घरात कोणाच्या लक्षातही नसतं. तेव्हा सगळं वेळापत्रक कोलमडेल. कोलमडू द्या, हवं तेव्हा झोपवा, आणि ताप उतरून दोन दिवस झाले की सकाळी साडेसातपासून पुन्हा सुरू करा.